नाक काढलं की तासाभरात परत चोंदतं आणि बाळ दूध ओढत नाही: सलाईन ड्रॉप आणि पंपात नेमकं कुठं चुकतंय

सोलापूरच्या गड्डा जत्रेचे दिवस, रात्री अकरा वाजता धाकट्या भावाच्या बायकोचा फोन. "ताई, चिमी दूधच धरेना बघा, नाक बंद झालंय, दिवसभर काढलालीय मी तरी परत भरतंय, नुसतं रडलालंय लेकरू." चिमी तेव्हा अडीच महिन्यांची, फक्त अंगावरच्या दुधावर. थोरला चार वर्षांचा, बालवाडीतून सर्दी घेऊन आला होता, आज तिसरा दिवस. मी सोलापुरातच लहान मुलांच्या वॉर्डला स्टाफ नर्स आहे, त्यामुळं असे फोन थंडीत आठवड्याला दोन-तीन येतातच, आणि त्यातल्या निम्म्या घरात चूक तीच असते, ती म्हणजे नाक साफ करायला कमी पडत नाहीत, उलट जास्त साफ करतात. हे वाचून पुष्कळ जणी म्हणतील की हिला काय कळतं, घाण आहे म्हणून तर काढतोय, पण थांबा, सांगते.

आधी एवढ्याशा नाकाचं दुधाशी काय नातं आहे ते बघू. पहिले काही महिने बाळ जवळजवळ नाकानंच श्वास घेतं. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं ते एका लयीत करतं, आणि ओठ छातीला घट्ट चिकटलेले असतात म्हणजे तोंडाचा रस्ता बंद. मग नाक पण बंद असेल तर काय होतं, बाळ भुकेनं छाती धरतं, चार-पाच वेळा ओढतं, मग श्वास पुरत नाही म्हणून तोंड सोडतं, मान मागं टाकून रडतं, परत धरतं, परत सोडतं. घरातली म्हातारी माणसं म्हणतात दूध आटलं किंवा नजर लागली. दूध भरपूर असतं हो, श्वास नसतो. हे धर-सोड धर-सोड दिसलं तर नाकाचा संशय घ्यायचा. आणि बाळ धरतच नाही, भुकेचं रडणं सुद्धा नाही, नुसतं मलूल पडलंय, तर ती गोष्ट वेगळी, तिथं ड्रॉप शोधत बसायचं नाही. ते खाली येतंच.

फोनवर मी आधी नाकाचं काही विचारलंच नाही. विचारलं, लंगोट किती ओले झाले सकाळपासून? म्हणाली पाच, रोज सात-आठ होतात. बरं. ताप? काखेत ९९ फॅरेनहाइट. मग म्हटलं, ती शांत झाली की पोटावरचं दुपटं बाजूला कर, मोबाईलवर टायमर लाव आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतंय मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळ मध्येच भरभर घेतं मध्येच हळू, त्यात आकडा फसतो. आणि रडताना मोजलेल्याला तर काही अर्थच नाही. तिनं दोनदा मोजलं, ४४ आणि ४६. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा वर आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा वर म्हणजे श्वास जलद, हा हिशोब आशाताई पण वापरतात. चिमी ५० च्या खाली होती. बरगड्यांखाली खळगा पडतोय का विचारलं, नाही म्हणाली. म्हणजे गाडी काढून थेट दवाखान्यात पळायची वेळ नव्हती. मग मी निघाले, जुळे सोलापूर ते अशोक चौक, रात्रीचं मोकळा रस्ता, वीस मिनिटं.

घरी जाऊन बघते तर पलंगावर दुकानच मांडलेलं. निळा रबरी पंप, दोन ड्रॉपच्या बाटल्या, कापसाच्या काड्या, व्हिक्सची डबी, आणि वाटीत कोमट खोबरेल तेल, ते माझ्या आईचं काम. चिमी वैनीच्या मांडीवर, नाकाच्या दोन्ही कडा लालभडक, डाव्या नाकपुडीत रक्ताची बारीक रेघ वाळलेली. नाकातून खुरखुर खुरखुर आवाज चालूच. विचारलं आज किती वेळा पंप लावला, तर वैनी बोटं मोजायला लागली आणि नऊ वर थांबली. नऊ! प्रत्येक वेळी दोन-तीनदा ओढायचं म्हणजे वीस-पंचवीस वेळा त्या शेंगदाण्याएवढ्या नाकात टोक गेलं.

आता इथंच सगळी गोम आहे. नाक दोन कारणांनी बंद होतं, एक आतल्या शेंबडानं आणि एक आतलं अस्तर सुजून. शेंबूड पंपानं निघतो. सूज पंपानं निघत नाही, उलट प्रत्येक ओढण्यानं अस्तर ओढलं जातं, खरवडतं, अजून सुजतं, त्यातून अजून पातळ पाणी सुटतं, म्हणजे आईला वाटतं परत भरलं, की ती परत पंप लावते. दुपारी दोन वाजेपर्यंत ही सर्दी होती, त्यानंतर जे चाललं होतं त्यात निम्मा वाटा पंपाचा होता. ओळखायचं कसं? पंप लावल्यावर हाताला काहीच येत नाही किंवा नुसतं रक्ताळलेलं पाणी येतं, आणि आवाज मात्र तसाच, तर ती सूज समजा. हिरवट-पांढरा चिकट गोळा येतो आणि लगेच आवाज कमी होतो, तो शेंबूड. वैनी म्हणाली संध्याकाळपासून पंपात काहीच येत नव्हतं म्हणून मी अजून जोरात दाबलालते.

मग पंप कसा धरतेस दाखव म्हटलं, हवेत. तिनं टोक नाकात घालायची ॲक्शन केली आणि मग फुगा दाबला. झालं. फुगा नाकात घातल्यावर दाबला की आधी हवेचा झोत आत जातो आणि पुढं आलेला शेंबूड मागं ढकलला जातो, मग सोडलं की थोडासा परत येतो. फुगा आधी बाहेर पूर्ण दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकाच्या दारात टेकवायचं आणि मग अंगठा हळूहळू सैल करायचा. दारात म्हणजे दारात, खोल नाही, दोन-चार मिलिमीटरच्या पुढं जायचं कारण नाही. टोकाची दिशा सुद्धा डोळ्याकडं वर नाही, सरळ मागं, कारण नाकाची वाट कपाळाकडं जात नाही, घशाकडं जाते. आणि टोक मधल्या पडद्याला टेकलं की फुगा तसाच चपटा राहतो, फुलत नाही, तेव्हा जोर लावायचा नसतो, टोक काढून किंचित वेगळ्या कोनात धरायचं. तो पडदा फार नाजूक, रक्त बहुतेक तिथूनच येतं.

आता बाटल्या. हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, दोन्हीवर निळी पट्टी, दोन्हीवर नाकाचं चित्र. एक मेडिकलवाल्यानं चिमीला दिलेली, एक थोरल्याला मागच्या महिन्यात दिलेली. मी मोबाईलचा टॉर्च मारून बारीक अक्षरं वाचली. एकीवर सोडियम क्लोराईड ०.६५ टक्के. ती बरोबर, नुसतं मिठाचं पाणी आणि टिकायला थोडं प्रिझर्वेटिव्ह. दुसरीवर झायलोमेटाझोलिन ०.०५ टक्के. हे सलाईन नाही, हे औषध आहे, रक्तवाहिन्या आकसवून नाक मोकळं करतं, आणि एवढ्या लहान बाळात ते शरीरात शोषलं गेलं की बाळ गळून झोपतं, नाडी मंद होते, श्वास सुद्धा मंद होऊ शकतो. ऑक्सिमेटाझोलिन त्याचाच भाऊ. दोन वर्षांखालच्या बाळाला ही दोन नावं असलेलं काहीही डॉक्टरनं स्वतः लिहून दिल्याशिवाय नाकात टाकायचं नाही, आणि दुकानात "सर्दीचे ड्रॉप द्या" असं म्हणायचंच नाही, "लहान बाळाचे सलाईनचे ड्रॉप द्या, साधे मिठाच्या पाण्याचे" असं म्हणायचं आणि काउंटरवरच लेबल वाचायचं. काही कंपन्यांची तर दोन्ही ड्रॉपची नावं जवळजवळ सारखी असतात, पुढं फक्त एक शब्द जोडलेला, तेव्हा ब्रँडचं नाव लक्षात ठेवून उपयोग नाही, आतलं औषध वाचायचं. वैनीनं दुपारी कुठली टाकली होती? नशीब, सलाईनचीच. पण तिला फरक माहीत नव्हता, अंधारात हाताला लागेल ती उचलली असती.

०.६५ की ०.९, हा पण प्रश्न येतो. दोन्ही चालतात. ०.९ म्हणजे आपल्या रक्ताइतकं खारट, ०.६५ त्याहून जरा पातळ. ३ टक्क्यांचं सलाईन मिळतं ते घरी बाळाच्या नाकात टाकायचं नाही, ते झोंबतं आणि दवाखान्यात वेगळ्या कामाला लागतं. आणि घरी मीठ घालून करू का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. चमचा कुणाचा लहान कुणाचा मोठा, पाणी उकळलं की नाही, वाटी कधीची, एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा स्वस्तातली बाटली आणा ना.

मी काय केलं ते क्रमानं सांगते. पहिल्यांदा पंप बाजूला ठेवला. ती बाटली थंडगार होती, जानेवारीत रात्री सोलापुरात खोलीतल्या वस्तू बऱ्यापैकी गार होतात, आणि गार थेंब नाकात पडला की बाळ दचकून मान फिरवतं, निम्मं औषध गालावर. म्हणून बाटली दोन मिनिटं मुठीत धरली. चिमीला दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळलं, उताणी मांडीवर घेतलं, खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल म्हणजे मान किंचित मागं, लटकलेली नाही. बाटलीचं टोक नाकाला न टेकवता वरून दोन थेंब उजव्या नाकपुडीत, दोन डाव्या. टोक टेकलं की शेंबूड टोकाला लागतो आणि बाटली खराब होते. मग घड्याळ बघत एक मिनिट नुसतं बसायचं. हा एक मिनिट कुणी थांबत नाही! थेंब टाकला की लगेच ओढतात, म्हणजे थेंबच परत पंपात येतात, शेंबूड आहे तिथंच. सलाईनचं काम वाळलेलं भिजवून सुटं करणं, भिजायला वेळ लागतोच. वाळलेल्या पिठाच्या भांड्यात पाणी घालून लगेच घासता का तुम्ही?

मिनिटभरात चिमीनं तोंड वेडंवाकडं केलं, दोन घोट गिळल्यासारखं केलं आणि मग जोरात तीन शिंका. तिसऱ्या शिंकेला उजव्या नाकपुडीतून दोरीसारखा घट्ट पांढरा शेंबूड ओठावर आला, तो मी ओल्या मऊ सुती कापडानं टिपला. पंप लावावा लागलाच नाही तिथं. सलाईन घशात जातं, बाळ गिळतं, त्यानं काही होत नाही, वैनी घाबरली होती की छातीत जाईल. डावीकडं आवाज होता, पण ती बाजू सुजलेली आणि रक्ताची रेघ, तिथं मी एकदाच, हलक्या हातानं, दारात टोक टेकवून सोडलं. थोडं पातळ पाणी आलं. बास. दुसऱ्यांदा नाही.

मग माझी एक जुनी सवय आहे ती केली. स्वयंपाकघरातला गार स्टीलचा चमचा पुसून नाकाखाली आडवा धरला, बाळ तोंड मिटून असताना. श्वास सोडला की चमच्यावर वाफेचे दोन डाग उमटतात, प्रत्येक नाकपुडीचा एक. उजवीकडचा डाग मोठा, डावीकडचा हरभऱ्याएवढा, पण होता. म्हणजे दोन्हीकडून हवा जात होती. वैनीला दाखवलं की आवाज येतोय म्हणजे बंद आहे असं नाही, हवा जातेय म्हणून तर आवाज येतोय. ह्या चमच्यानं फक्त नाक कळतं हां, छातीचं काही कळत नाही.

दहाएक मिनिटांनी तिला छातीला लावलं, नेहमीपेक्षा जरा उभं धरून. आधी चार-पाच ओढून सोडायची, आता पंधरा-सोळा ओढले, थांबली, नाकानंच श्वास घेतला, परत धरलं. एका बाजूला सात मिनिटं प्यायली. रोजच्या निम्मंच, पण सर्दीत एवढंच पितात, म्हणून दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं द्यायचं, एकदम पोटभर प्यावं म्हणून हट्ट धरायचा नाही. आणि एखाद्या वेळी धरलंच नाही तर दूध पिळून स्वच्छ बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं, बाळाला उभं धरून, ओठाच्या कडेला थोडं थोडं, ते गिळून श्वास घेईपर्यंत थांबत. तोंडात ओतायचं नाही. आणि श्वास जलद असलेल्या बाळाला तर जबरदस्तीनं काहीच पाजायचं नाही, दूध श्वासनलिकेत जायची भीती असते.

दुसऱ्या दिवशीसाठी वैनीला वहीच्या पानावर लिहून दिलं. सलाईन प्रत्येक दूध पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं, दोन-दोन थेंब. पंप दिवसात तीनच वेळा, जास्तीत जास्त चार, तो पण दूध पाजण्याआधी आणि समोर शेंबूड दिसत असेल किंवा खुळखुळ ओला आवाज असेल तरच. पाजल्यावर पंप नाही, उलटी होते, पोटातलं गेलं की मग परत भूक आणि परत रडारड. झोपलेलं असेल आणि आवाज करत असेल तर काहीच नाही, झोपू द्यायचं, आवाज आपल्याला त्रास देतो, तिला नाही. एवढं शेवटचं वाक्य वैनीनं दोनदा वाचलं.

पलंगावरचं दुकान मी आवरलं. कापसाच्या काड्या आत घालायच्या नाहीत, शेंबूड मागं ढकलतात. व्हिक्स, कापूर, निलगिरी दोन वर्षांखाली नाकाजवळ, छातीवर, कपड्याला, कुठंच नाही, कापरानं लहान बाळाला झटके येऊ शकतात. आणि खोबरेल तेल, इथं आईशी वाद झाला. आई म्हणाली तुम्ही सगळी ह्यावरच वाढलाव. म्हटलं खरं आहे आई, पण नाकात टाकलेलं तेल थेंब थेंब फुप्फुसात उतरलं तर ते पाण्यासारखं शोषलं जात नाही, तिथंच बसतं आणि त्यानं न्यूमोनिया होतो, वॉर्डात बघितलंय मी. तेलाची वाटी आईच्या हातात दिली आणि म्हटलं हे चिमीच्या पायाला लाव. आई पायाला तेल लावत बसली, तोंड फुगवून. ओव्याची धुरी तर नकोच, धूर आधीच सुजलेल्या नाकाला अजून सुजवतो, अगरबत्ती आणि डासांची कॉइल पण त्यातच. भावाचा लूम बाजूच्याच खोलीत आहे, सुताची बारीक धूळ उडते, आठ दिवस ते दार बंद ठेवायला सांगितलं आणि झाडू मारायच्या ऐवजी ओलं फडकं. गरम पाण्याच्या पातेल्यावर बाळाला धरून वाफ देणं म्हणजे भाजायला बोलावणं. खोकल्या-सर्दीचं सिरप पण नाही, केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०२५ च्या ऑक्टोबरात स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं लिहूनच द्यायची नाहीत.

पंपाची गोष्ट अजून एक. निळा पंप मी गरम साबणाच्या पाण्यात बुडवून पाणी आत ओढलं आणि बाहेर मारलं, तर तिसऱ्या वेळेला काळे बारीक कण बाहेर आले. बुरशी. हा पंप थोरल्याच्या वेळचा, चार वर्षं कपाटात. आतलं दिसत नाही हीच ह्या बंद रबरी फुग्याची खोट. सकाळी भावाला उघडून दोन भाग होणारा, सिलिकॉनचा आणायला लावला. वापरल्यावर साबणाचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग पूर्ण झटकून टोक खाली करून वाळत ठेवायचा, ओला डबीत बंद करायचा नाही. नळीवाला पण मिळतो, ज्यात आई दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढते, मधे फिल्टर असतो. तो चांगला, ओढ आपल्या ताब्यात राहते, पण फिल्टर दर वेळी बदलायचा आणि त्याचं टोक नाकात घालायचंच नसतं, नाकपुडीला बाहेरून टेकवायचं. फिल्टरशिवाय नुसत्या तोंडानं बाळाचं नाक ओढणाऱ्या आज्ज्या अजून आहेत, त्यांना प्रेमानं थांबवा.

ड्रॉपची बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेननं टाका, लेबलवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढ्यातच वापरा, आणि एक बाटली एकाच लेकराची. मी थोरल्याच्या बाटलीवर लाल स्केचपेननं मोठी फुली मारून ती वरच्या फळीवर ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी वैनीचा फोन, परत नाक बंद. पहिला प्रश्न, पंप किती वेळा? सकाळपासून एकदाच. रक्त? नाही. लंगोट? सहा. श्वास? ४२. म्हटलं मग सर्दी तिच्या चालीनं चाललीय, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात ती बहुधा सगळ्यात जोरात असते, मग उतरते. सलाईन चालू ठेव. सातव्या दिवशी चिमी पूर्वीसारखी पूर्ण पिऊ लागली, खुरखुर मात्र दहा-बारा दिवस राहिली.

आता दुसरी गोष्ट, कारण प्रत्येक वेळी असं सोपं नसतं. त्याच महिन्यात विडी घरकुलकडून एक आई पाच आठवड्यांचं बाळ घेऊन आमच्याकडं आली. सकाळपासून चार तास ती घरी ड्रॉप आणि पंपच करत होती, कारण नाक चोंदलेलं होतं हे खरंच होतं. पण बाळाची नाकपुडी प्रत्येक श्वासाला फुलत होती, बरगड्यांखाली खोल खळगा पडत होता, श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज, आणि मी मोजलं तर ६८. दूध धरायला तोंडच उघडत नव्हतं. त्या बाळाचं नाक मोकळं केलं तरी ते प्यायलं नसतं, आजार खाली छातीत होता. ऑक्सिजन लागला, नळीनं दूध द्यावं लागलं, पाच दिवसांनी घरी गेलं. आई सारखी म्हणत होती, पोट उडत होतं पण मला वाटलं नाकामुळंच उडतंय.

म्हणून माझा साधा नियम आहे. सलाईन नीट टाकलं, मिनिट थांबलं, शेंबूड काढला, पंधरा मिनिटांनी छातीला लावलं, आणि तरी बाळ पीत नाही किंवा श्वास तेवढाच जलद, तर दुसऱ्यांदा पंप उचलायचा नाही, बाळ उचलायचं. खळगा, कण्हणं, ओठ किंवा जीभ निळसर, श्वास मध्येच थांबणं, बाळ उठवून उठत नाही, ह्यातलं एक जरी दिसलं तर सलाईन पण करत बसायचं नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल ती रिक्षा आणि सिव्हिल किंवा जवळचा मुलांचा दवाखाना, रात्र असली तरी. लंगोट रोजच्या निम्म्यावर आले तर त्याच दिवशी दाखवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा वर ताप आला तर बाळ कितीही छान दिसत असलं तरी त्याच वेळी दाखवायचं, घरी तापाचं औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही. आणि दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ९९.५ ला पण डॉक्टरला विचाराच, अंग गार पडलेलं असेल तरी.

नाकाच्या बाबतीत दोन गोष्टी अजून, ज्यात सलाईन उपयोगाचं नाही. जन्मल्यापासूनच नाक बंद, शांत असताना किंवा पिताना बाळ निळसर पडतं आणि रडायला लागलं की गुलाबी होतं, तर नाकाची मागची वाटच बंद असू शकते, ते लगेच दाखवायचं. आणि एकाच बाजूनं आठवडेच्या आठवडे घाण येतेय किंवा वास येतोय तर ती सर्दी नव्हे. उलट नवजात बाळाचं नाक कोरडं असून पण खुरखुर वाजतं, पितं मस्त, वजन वाढतंय, तिथं कुणी काही करायची गरज नाही, नाक लहान आहे म्हणून वाजतं.

परवा वैनीकडं गेले होते. चिमी आता मोठी झालीय, परत सर्दी झालेली, पलंगावर एकच बाटली, वर तारीख लिहिलेली, आणि पंप खिडकीत टोक खाली करून वाळत ठेवलेला. आई मला बघून म्हणाली, "तेल पायालाच लावलालीय हां मी."